'दहा तारखा बारीक चिरून घ्या'
उसन्या पाककृती ओळखायच्या कशा आणि खऱ्या शोधायच्या कुठे

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की शिरूर अनंतपाळच्या बाजारात शेवयांचे ढीग दिसू लागतात. खारीक, चारोळी, बदामाची पुडकी बांधली जातात. दूधवाल्याला ईदच्या दिवसाचे जादा दूध आधीच सांगून ठेवले जाते. शीरखुर्मा मुस्लिमांच्या घरात शिजतो, पण त्याच्या वाट्या गल्लीतल्या सगळ्या घरांत जातात, त्यामुळे त्याची चव गावात सगळ्यांनाच ठाऊक असते. अलीकडे इतर घरांतही हौसेने शीरखुर्मा केला जातो. नवी सून, होस्टेलवर राहणारी मुले, पुण्या-हैदराबादला नोकरीला गेलेली जोडपी यांचा पहिला आधार आता मोबाइल असतो. 'शीरखुर्मा रेसिपी' असे टाकले की क्षणात शेकडो पाने समोर येतात.

अडचण अशी की त्यातली बरीच पाने कोणी स्वयंपाक करून लिहिलेलीच नसतात. ती दुसऱ्या पानावरून उचललेली, शब्द थोडे इकडेतिकडे केलेली, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत यंत्राने ढकललेली असतात. त्यांचा हेतू पदार्थ शिकवणे हा नसतोच. वाचक पानावर आला की जाहिराती दिसतात आणि जाहिरातींचे पैसे मिळतात. जितकी पाने जास्त, तितका गल्ला जास्त, म्हणून मजकूर स्वस्तात आणि ढिगाने तयार करायचा. इंग्रजीत अशा कारखान्यांना मजकुराची शेती म्हणतात. आपल्याकडची शेती कष्टाची असते, म्हणून ही उपमा शेतकऱ्याला थोडी लागेल, पण नाव तेच रूढ झाले आहे.

हा प्रकार नवा नाही. २०१० च्या सुमारास अमेरिकेत 'डिमांड मीडिया' या कंपनीचे 'ईहाऊ' हे संकेतस्थळ यासाठी प्रसिद्ध होते. लोक गूगलवर काय शोधतात हे पाहून त्या शब्दांवर थोड्या पैशांत लेख लिहून घेतले जात. लिहिणाऱ्याला विषय येतो की नाही हा प्रश्न गौण होता. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने आपली क्रमवारी बदलली, तो बदल 'पांडा' या नावाने ओळखला जातो, आणि अशी पाने खाली ढकलली गेली. मार्च २०२४ मध्ये गूगलने ढिगाने तयार केलेल्या पोकळ मजकुराविरुद्ध पुन्हा नियम कडक केले. तरीही शेती थांबलेली नाही. आणि भारतीय भाषांत चांगला मजकूरच कमी असल्याने वाईट पान वर यायला फार स्पर्धा लागत नाही.

आधी नाव वाचा

खरे-खोटे ओळखण्यासाठी शीरखुर्मा हा पदार्थ फार चांगला आहे, कारण त्याची अर्धी कृती नावातच आहे. फारसीत 'शीर' म्हणजे दूध आणि 'खुर्मा' म्हणजे खजूर. दूध आणि खजूर किंवा खारीक हा पदार्थाचा पाया, शेवया त्यात नंतर येतात. ज्या पानावर खजूर किंवा खारीक 'हवे असल्यास' म्हणून शेवटी टाकलेली असते, ते पान शीरखुर्म्याचे नसून शेवयांच्या खिरीचे असते. कोणीतरी खिरीची कृती घेतली आणि ईद जवळ आल्यावर वरचे नाव बदलले, एवढाच त्याचा अर्थ.

आता एक नमुना पान तपासू. हे कोणत्याही एका संकेतस्थळावरचे पान नाही. अशा पानांवर पुन्हा पुन्हा आढळणाऱ्या चुका एका ठिकाणी मांडल्या आहेत, म्हणजे ओळखायला सोपे जाईल.

पानावर साहित्य असे दिले आहे: एक लिटर दूध, दोन कप शेवया, अर्धा कप हेवी क्रीम, दहा तारखा, एक कप साखर, दोन टेबलस्पून तूप, सुका मेवा. कृतीत लिहिले आहे: तारखा बारीक चिरून घ्या, दूध दहा मिनिटे उकळून निम्मे करा, शेवया टाका, खारीक टाका, साखर टाका, चवीनुसार हंगाम करा आणि गरम सर्व्ह करा. वेळ वीस मिनिटे, पंधरा जणांसाठी. खाली पाच तारे आणि लेखकाच्या जागी 'ॲडमिन'.

पहिली खूण भाषेची आहे. इंग्रजीत खजुराला आणि कॅलेंडरमधल्या तारखेला एकच शब्द आहे. यंत्राला संदर्भ कळला नाही की खजुराची तारीख होते. चव पाहून मीठ-मसाला घालण्याच्या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ ऋतू असा आहे, म्हणून 'हंगाम करा'. मराठी घरात कोणी असे बोलत नाही. शिवाय शीरखुर्म्यात 'चवीनुसार मीठ-मसाला' येण्याचे कारणच नाही. ते वाक्य दुसऱ्या कुठल्या तरी रश्श्याच्या कृतीतून साच्यासारखे आले आहे. भाषेची अशी चूक हसण्यावारी नेण्यासारखी वाटते, पण तिचा अर्थ गंभीर आहे: हे पान प्रसिद्ध होण्याआधी एकाही माणसाने वाचलेले नाही.

दुसरी खूण परक्या स्वयंपाकघराची आहे. हेवी क्रीम अमेरिकेतल्या दुकानात मिळते, आपल्या बाजारात नाही. मूळ कृती बहुधा तिकडच्या गायीच्या दुधासाठी लिहिलेली होती. ते दूध पातळ, म्हणून दाटपणासाठी क्रीम. शिरूर अनंतपाळ, देवणी, निलंग्याच्या पट्ट्यात ईदला बहुतेक घरी म्हशीचे दूध येते. गायीच्या दुधात साधारण साडेतीन ते साडेचार टक्के स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के. म्हशीच्या दुधात वर अर्धा कप क्रीम घातले तर शीरखुर्मा दाट होत नाही, वर तुपाचा तवंग येऊन जड होतो. कृती लिहिणाऱ्याला आपले दूध ठाऊक नव्हते, हे त्या एका ओळीवरून कळते.

साहित्य एक, कृती दुसरीच

तिसरी खूण सर्वांत खात्रीची, आणि ती पाहायला इंग्रजी यावे लागत नाही. साहित्याची यादी आणि कृती समोरासमोर ठेवायची आणि एकेका जिनसावर बोट ठेवायचे. नमुना पानात यादीत तारखा, म्हणजे खजूर आहे, खारीक नाही. कृतीत आधी तारखा चिरल्या, पण दुधात गेली ती खारीक. क्रीम यादीत आहे, कृतीत कुठेच नाही. तूप यादीत आहे, पण शेवया तुपावर परतल्याचा उल्लेखच नाही.

खजूर आणि खारकेचा हा घोळ साधा नाही. परदेशातल्या कृतीत मऊ खजूर असतो, तो चिरून थेट वापरता येतो. कोणीतरी इकडच्या वाचकासाठी खजुराच्या जागी खारीक लिहिली, पण खारीक सुकी आणि कडक असते हे लक्षात घेतले नाही. खारीक रात्रभर, निदान सहा ते आठ तास भिजवावी लागते. मग बिया काढून, बारीक काप करून थोड्या दुधात किंवा तुपावर मऊ करून घ्यायची. ही पायरी सुटली की वीस मिनिटांच्या शीरखुर्म्यात चामड्यासारखे तुकडे दाताखाली येतात. ज्याने एकदा जरी हा पदार्थ केला असेल तो भिजवण्याची पायरी विसरूच शकत नाही. म्हणून कोणत्याही पानावर आधी हेच पाहावे: ज्या गोष्टीला आदल्या रात्री तयारी लागते, ती आदल्या रात्रीची तयारी लिहिली आहे का? हलीमचा गहू, दालच्याची चणाडाळ, खारीक, सगळ्यांना हाच प्रश्न लागू आहे.

वेळ आणि माप खोटे बोलत नाहीत

आता आकडे पाहू. एक लिटर दूध दहा मिनिटांत निम्मे करा, असे पान म्हणते. अर्धा लिटर पाणी वाफ होऊन जायला घरच्या गॅसवर, रुंद पातेल्यात, मध्यम आचेवर आणि सतत ढवळत अर्धा तास तरी जातो, बरेचदा जास्तच. दहा मिनिटांत हे करायचे तर आच इतकी मोठी लागेल की दूध उतू जाईल किंवा तळाला लागेल. शिवाय शीरखुर्म्याला दूध निम्मे करायची गरजही नसते. एका लिटरचे पाऊण लिटरच्या आसपास झाले की पुरे, कारण शेवया पुढे दूध शोषून घेणारच असतात.

शेवयांचे माप तर पूर्ण फसवे आहे. ईदच्या बारीक शेवया हलक्या आणि फुललेल्या असतात. त्या न मोडता कपात टाकल्या तर जेवढ्या मावतात, त्याच्या दुप्पट चुरून दाबल्यावर मावतात. म्हणजे 'दोन कप' या शब्दाला वजन नाही. एक लिटर दुधाला साधारण चाळीस ते पन्नास ग्रॅम बारीक शेवया पुरतात. गरम असताना शीरखुर्मा पातळ वाटला पाहिजे, कारण तासाभरात तो घट्ट होतो. दोन कप दाबून घातल्या तर दुपारी पाहुणे येईपर्यंत पातेल्यात चमचा उभा राहील. कपाचाही गोंधळ आहे. अमेरिकन कप साधारण २४० मिलीचा, आणि आपल्या घरातली स्टीलची वाटी बहुधा दीडशे मिलीच्या आसपास. ज्या पानावर कप म्हणजे किती मिली हे लिहिलेले नाही आणि ग्रॅमही दिलेले नाहीत, त्याच्या लेखकाने मापले नाही, मोजले नाही, फक्त लिहिले.

साखरेचेही तसेच. अमेरिकन एक कप साखर म्हणजे जवळपास दोनशे ग्रॅम. खारकेची स्वतःची गोडी धरली तर लिटरभर दुधाला ऐंशी ते शंभर ग्रॅम साखर पुरे होते. आटताना गोडी वाढते, म्हणून जाणती बाई साखर शेवटी आणि चाखत घालते.

शेवटी माणसे मोजा. पाऊण लिटर आटवलेले दूध, शेवया आणि मेवा मिळून साधारण नऊशे मिली होते. दीडशे मिलीच्या वाटीने सहा वाट्या. पंधरा जणांसाठी हा आकडा पानाने कुठून आणला, हे पानालाही ठाऊक नसते.

वेळेची ही लबाडी जगभर चालते आणि तिचा एक गाजलेला किस्सा आहे. टॉम स्कोका या अमेरिकन पत्रकाराने २०१२ मध्ये 'स्लेट' या नियतकालिकात लिहिले की पाककृतींत कांदा पाच-दहा मिनिटांत गडद तपकिरी होतो असे छापतात, ते खोटे आहे. त्याला पाऊण तास लागतो. पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच्या लक्षात आले की गूगलला हाच प्रश्न विचारला तर वर चौकटीत 'सुमारे पाच मिनिटे' असे उत्तर येते, आणि उत्तराखाली नाव त्याच्याच लेखाचे! खोटी वेळ म्हणून त्याने जे उदाहरण दिले होते तेच यंत्राने उत्तर म्हणून उचलले होते. त्याने हे जाहीरपणे लिहिले. दालच्यावर किंवा हलीमवर घालायचा बिरिस्ता तेलात तळून होतो, त्यामुळे तो यापेक्षा लवकर होतो, पण पाच मिनिटांत तोही होत नाही. यावरून धडा एवढाच की शोधाच्या सर्वांत वर चौकटीत आलेले उत्तर तपासलेले असतेच असे नाही.

नक्कल शोधायची पद्धत

पान संशयास्पद वाटले तर त्याचे मूळ शोधता येते. त्यासाठी पानातले एक वेगळे, जरा विचित्र वाक्य निवडावे. 'दूध गरम करा' हे वाक्य हजार ठिकाणी असेल, त्याचा उपयोग नाही. सात-आठ शब्दांचे वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत गूगलवर टाकावे:

```
"दहा तारखा बारीक चिरून दुधात हळूहळू मिसळा"
```

अवतरणचिन्हांमुळे नेमकी तीच शब्दरचना असलेली पाने शोधली जातात. तेच वाक्य सहा-सात संकेतस्थळांवर सापडले तर पाच जणांनी तरी ते उचलले आहे. पहिला कोण हे पानावरच्या तारखेवरून ठरवू नये, कारण ती तारीख बदलता येते आणि जुन्या पानावर दर रमजानला नवी तारीख टाकणे हा नेहमीचा खेळ आहे. त्याऐवजी web.archive.org या ठिकाणी पानाचा पत्ता टाकावा. तिथे पानांच्या जुन्या प्रती साठवलेल्या असतात आणि पहिली प्रत कधीची ते दिसते. प्रत्येक पान तिथे असतेच असे नाही, पण असले तर तो चांगला पुरावा असतो.

फोटोसाठीही असाच उपाय आहे. फोटोवर बोट दाबून धरून गूगलच्या लेन्सने शोधले की तो आणखी कुठे आहे ते कळते. कृतीत केशर नाही आणि फोटोतला शीरखुर्मा केशरी आहे, कृतीत खारीक आहे आणि फोटोत मनुका आहेत, असे दिसले तर फोटो उसना आहे.

या पद्धतीला मर्यादा आहेत. आता शब्द बदलून देणारी सॉफ्टवेअर आली आहेत, त्यामुळे नेमके वाक्य सापडणार नाही. अशा वेळी शब्द सोडून आकडे जुळवावेत. शब्द बदलणारा 'चिरा'च्या जागी 'कापा' लिहितो, पण दोन कप, अर्धा कप, दहा मिनिटे, पंधरा माणसे हे आकडे जसेच्या तसे राहतात, आणि आकड्यांतल्या चुकाही तशाच राहतात. दोन पानांत एकच बरोबर प्रमाण असणे हा योगायोग असू शकतो. दोन पानांत एकच चूक असणे हा बहुधा योगायोग नसतो. आणि हेही लक्षात ठेवावे की नक्कल केलेले पान बरोबर असू शकते आणि स्वतः लिहिलेले पान चुकीचे. नक्कल शोधल्याने मूळ लेखक कळतो, पदार्थ जमेल की नाही हे मात्र यादी, वेळ आणि मापावरूनच ठरते.

नासकवणी झाली तर

ज्याने पदार्थ खरोखर केला आहे तो एक गोष्ट नक्की लिहितो: काय बिघडते. शीरखुर्म्यात ईदच्या सकाळी सर्वांत जास्त बिघडते ते दूध. उन्हाळ्यात रात्रभर ठेवलेले दूध चवीला ठीक वाटते, पण त्यात आंबटपणा वाढलेला असतो. खजुराच्या गरातही किंचित आंबटपणा असतो. उकळत्या दुधात दोन्ही एकत्र आले की दूध फाटते आणि चार लिटर दूध, मेवा, शेवया सगळे वाया जाते. नमाजला जायची वेळ, घरात पाहुणे, आणि दुसरे दूध मिळणार नाही.

यावरचा उपाय दूधसंकलन केंद्रावर रोज वापरतात. दूध पातेल्यात एकत्र करण्याआधी प्रत्येक किटलीतले दोन चमचे दूध वेगळ्या वाटीत उकळून पाहायचे. ते फाटले तर ती किटली बाजूला. शिवाय खजूर किंवा खारीक उकळत्या दुधात न टाकता तुपावर परतून, गॅस बंद केल्यावर घालायची. ज्या पानावर असा एखादा धोका आणि त्याचा उपाय सांगितला आहे, ते पान निदान स्वयंपाकघर पाहिलेले आहे. पोकळ पानावर बिघाड कधीच होत नाही, तिथे सगळे नेहमी 'स्वादिष्ट आणि झटपट' असते.

खव्याची परीक्षा: सुटलेली पायरी

ईदच्या आणि दिवाळीच्या आधी 'भेसळ ओळखा घरच्या घरी' अशी पानेही खूप फिरतात. त्यांतही हाच रोग आहे, आणि इथे सुटलेली पायरी जास्त महागात पडते.

खव्यात पीठ किंवा स्टार्च मिसळले आहे का, हे आयोडीनने पाहता येते. फिरत्या मजकुरात एवढेच असते: खव्यावर आयोडीनचे दोन थेंब टाका, निळा झाला तर भेसळ. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अशा सोप्या चाचण्यांचे 'डार्ट' नावाचे पुस्तक काढले आहे आणि ते संकेतस्थळावर मोफत आहे. त्यात दुधाच्या पदार्थांसाठी पद्धत अशी आहे: दोन-तीन मिली नमुना पाच मिली पाण्यात उकळायचा, थंड करायचा आणि मग टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे. नुसत्या दुधाला पाणी घालून उकळण्याची गरज नाही, असेही तिथे लिहिले आहे.

उकळणे आणि थंड करणे या दोन्ही पायऱ्यांना कारण आहे. कच्च्या स्टार्चचे कण घट्ट बंद असतात, पाण्यात उकळल्यावर ते फुगतात, उघडतात आणि मग आयोडीनशी नीट रंग देतात. खवा तुपकट असल्याने आयोडीन आत पोचायलाही पाणी लागते. आणि गरम असतानाच थेंब टाकले तर निळा रंग उमटत नाही, कारण उष्णतेने तो रंग नाहीसा होतो आणि थंड झाल्यावर परत येतो. म्हणजे ज्याने उकळलेच नाही किंवा उकळून लगेच थेंब टाकले, त्याला भेसळीचा खवा शुद्ध वाटू शकतो. उचलणाऱ्याने मजकूर छोटा करताना ज्या पायऱ्या फालतू समजून गाळल्या, चाचणी त्यांच्यावरच उभी होती.

मर्यादाही समजून घ्यावी. ही चाचणी फक्त स्टार्च दाखवते. खव्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असेल तर आयोडीन गप्प राहील. म्हणून निळा रंग आला तर संशय पक्का करावा, पण रंग आला नाही म्हणून खवा शुद्ध ठरत नाही. तपासलेला नमुना खाऊ नये. संशय असेल तर बिल आणि उरलेला खवा जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी, कारण कारवाईसाठी प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो.

मग विश्वास कुणावर?

पहिला स्रोत घरातच आहे, फक्त तो ग्रॅममध्ये बोलत नाही. दादीमाँला शेवया किती असे विचारले तर 'मुठीभर' असे उत्तर येते. ते उत्तर चुकीचे नाही, त्यांची मूठ हे त्यांचे पक्के माप आहे. त्यांना मूठ भरायला सांगावे आणि ती मूठ किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवावी. तीन वेळा भरली तर तिन्ही वजने जवळजवळ सारखी येतात. दूध कोणत्या पातेल्यात कुठपर्यंत घेतात आणि कुठपर्यंत आटवतात, हे पातेल्यात पाणी भरून मापता येते. आणि 'मग काय झाले की गॅस बंद करायचा' हा प्रश्न जरूर विचारावा. शीरखुर्मा चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरू लागला की बंद, असे उत्तर मिळेल, आणि ते घड्याळातल्या मिनिटांपेक्षा भरवशाचे असते. लग्नाचा दालचा, हलीम शिजवणाऱ्या बावर्चीलाही असेच विचारावे. मात्र त्याचे प्रमाण देगाचे असते. मसाला आणि मीठ माणसांच्या हिशेबात भागून चालते, पाणी आणि वेळ तसे भागत नाहीत, कारण लहान भांड्यातून पाणी लवकर आटते.

दुसरा स्रोत पुस्तके, आणि पदार्थाप्रमाणे पुस्तक निवडावे लागते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० चे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० चे, आणि त्यातली वाटी-चमच्याची मापे आजही घरोघरी चालतात. मराठवाड्याच्या ताटाविषयी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' वाचावे. मांग आणि महार समाजांचा इथला आहार, तो कशातून घडला आणि कसा शिजायचा, हे त्यात पाककृतींसह आहे. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आले. 'मराठवाडा स्पेशल' असे शीर्षक देणारी पोकळ पाने या अन्नापर्यंत कधी पोचलेली नाहीत, कारण उचलायला तिथे आधी कोणी लिहिलेलेच नव्हते. उर्दू वाचता येत असेल तर रेख्ताच्या संकेतस्थळावर स्कॅन केलेली जुनी पुस्तके पाहता येतात. जुन्या पुस्तकांत सेर, छटाक आणि तोळा येतो. सेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, छटाक त्याचा सोळावा भाग म्हणजे ५८ ग्रॅम, आणि तोळा साडेअकरा ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. सेराला एक किलो धरले तर प्रमाण थोडे बिघडते, म्हणून रूपांतर करूनच घ्यावे.

तिसरा स्रोत मोबाइलवरचाच, पण निवडून. एका माणसाचे नाव असलेले पान, ज्यात तो कुठला आणि त्याच्या घरी हा पदार्थ कसा होतो हे सांगतो. मधल्या पायऱ्यांचे फोटो, जे देखणे नसले तरी एकाच ओट्यावरचे असतात. खाली वाचकांचे खरे प्रश्न, 'माझा घट्ट झाला, काय करू' असे, आणि त्यांना दिलेली उत्तरे. पाच तारे असून एकही प्रश्न नसेल तर ते तारे शोभेचे समजावेत. व्हिडिओत एक फायदा असतो: दूध किती दाट झाले ते डोळ्यांना दिसते. पण दूध आटवण्याच्या जागी कॅमेरा तोडलेला असेल आणि पुढच्या क्षणी घट्ट रबडी दिसली, तर मधली वेळ स्वतः धरावी.

एवढे तपासूनही कृती नवी असेल तर ईदच्या सकाळी चार लिटरवर तिची परीक्षा घेऊ नये. चांदरातीच्या चार-पाच दिवस आधी पाव लिटर दूध, दहा-बारा ग्रॅम शेवया, दोन भिजवलेल्या खारका आणि वीस ग्रॅम साखर घेऊन करून पाहावे. इफ्तारनंतर दोन लहान वाट्या होतील. एक लगेच खाऊन पाहावी आणि दुसरी तासभर ठेवून मग पाहावी, म्हणजे शेवयांचे प्रमाण बरोबर आहे का ते कळेल. जे आकडे जमले ते कागदावर, ग्रॅममध्ये, आपल्या नावासह लिहून ठेवावेत. पुढच्या रमजानला ते शोधायला कुठे जावे लागणार नाही.